क्रियापदांची संगत

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत तालमी आहेत. तेथील एका मुलाने आपल्या मित्राला निरोप धाडला, असे समजा: ‘वस्ताद बोलायला थांबले आहेत.’ निरोप ऐकताच मित्राने धावत जावे हे योग्य. कारण वस्ताद बोलण्यासाठी वाट पाहत आहेत. परंतु निरोप ‘वस्ताद बोलायचे थांबले आहेत’ असा असता, तर बोलणे संपले आहे, असा अर्थ झाला असता. क्रियापद एकच, ‘थांबणे’. त्याच्याआधी येणारे ‘बोल’ धातूचे रूप बदलले आणि अर्थ उलटला.

एका क्रियापदाआधी दुसऱ्या धातूचे कोणते रूप यावे, हे त्या क्रियापदावर अवलंबून असते. पुढील वाक्ये पाहा.

१. तो रंकाळ्यात पोहू शकतो.
२. तो रंकाळ्यावर पोहायला गेला.
३. त्याने पावसाळ्यात पोहणे टाळले.

‘पोहायला शकतो’ किंवा ‘पोहू टाळले’ असे कोणी म्हणत नाही. शकणे या क्रियापदाला ‘पोहू’ हेच रूप चालते, आणि टाळणे या क्रियापदाला ‘पोहणे’ हे धातुसाधित नाम लागते. ‘पोहायला’ या रूपाने जाण्याचा हेतू कळतो. ग्रंथांत त्याऐवजी ‘पोहावयास’ असेही लिहितात.

कोणते रूप घ्यावे, हे ओळखण्याची एक पारख आहे. क्रियापदाला प्रथम ‘काय?’ असे विचारावे. काय टाळले? ‘वाद टाळला’ असे म्हणता येते. जेथे वाद, काम, खेळ यांसारखे नाम बसते, तेथे बहुधा ‘पोहणे’, ‘बोलणे’ अशी रूपेही बसतात. मग ‘कशासाठी?’ असे विचारावे. कशासाठी गेला? पोहण्यासाठी, म्हणून ‘पोहायला गेला’. ‘शकतो’ला मात्र यांपैकी कोणताच प्रश्न लागू पडत नाही. तेथे ‘पोहू शकतो’ मिळून एकच क्रिया दाखवली जाते. अशा जोडीस संयुक्त क्रियापद म्हणतात.

ही पारख सर्वत्र पुरत नाही. ‘खेळू लागला’ आणि ‘खेळायला लागला’ ही दोन्ही रूपे शुद्ध असून दोन्हींत आरंभाचा अर्थ आहे. परंतु ‘त्याला खेळावे लागले’ म्हटले की, तेच ‘लागणे’ सक्ती दाखवते. ‘शिकणे’लाही ‘पोहायला’ व ‘पोहणे’ ही दोन्ही चालतात. ‘पोहू शिकला’ हे मात्र चालत नाही. म्हणून अशी क्रियापदे वहीत एकटी न लिहिता छोट्या वाक्यासह लिहावीत. ‘लागणे’ एवढेच लिहिले, तर त्याचे दोन अर्थ निसटतात. ‘खेळू लागला’, ‘खेळावे लागले’ असे लिहिले, तर दोन्ही ध्यानात राहतात.

स्वाध्याय

(अ) कंसातील धातूचे योग्य रूप लिहा.
१. ती झाडावर ____ शकते. (चढ)
२. आईने मला दूध ____ सांगितले. (आण)
३. त्याने खोटे ____ सोडले. (बोल)

(आ) ‘मुले खेळायला थांबली’ आणि ‘मुले खेळायची थांबली’ या वाक्यांच्या अर्थांतील भेद सांगा.