छातीच्या फोटोतील नळी

येळ्ळूरचा रोगी बेळगावच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात असला, म्हणजे छातीच्या फोटोतील पांढऱ्या रेघा पाहून नातलग घाबरतात. या रेघा रोगाच्या नव्हेत. पेसमेकरची तार, शिरेतील नळी, श्वासाची नळी यांच्या त्या असतात. पैकी श्वासाच्या नळीपुरतेच आम्ही येथे सांगतो. एका शेजाऱ्याच्या मुलाला आईच्या खाटेशेजारी आम्ही हेच समजावले होते.

फोटोत हवा काळी दिसते व धातू पांढरा. प्लॅस्टिक नीट उमटत नाही, म्हणून नळीत मुद्दाम एक रेघ घातलेली असते. फोटोत रोग्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे आधी ध्यानात घ्यावे. छातीत श्वासनलिकेचे दुबेळके होते. नळीचे टोक त्याच्या ३ ते ५ सेंटिमीटर वर हवे.

त्या माउलीच्या नळीवरचा दाताजवळचा आकडा आदल्या दिवशी २१ होता, त्या दिवशी २५. नळी आत सरकली होती. उजवी शाखा रुंद व सरळ, म्हणून टोक बहुधा तिच्यातच शिरते. मग डाव्या फुप्फुसाला हवा मिळेनाशी होते. ते आकसते, फोटोत ती बाजू पांढरी पडते आणि हृदयही तिकडे ओढले जाते. डॉक्टरांनी नळी मागे घेतली व पुन्हा फोटो काढला.

आकडा तोच राहूनही टोक हलते. हनुवटी छातीकडे झुकली, की ते सुमारे २ सेंटिमीटर खाली जाते. तेव्हा उशी आपल्या मनाने बदलू नये; आकडा बदललेला दिसल्यास नळीला हात न लावता सिस्टरांना तत्काळ सांगावे.