दोन सालांचा नफा-तोटा एका कागदावर कसा आणावा

पातूरच्या आमच्या कापड दुकानाचे 2022-23 आणि 2023-24 या दोन सालांचे नफा-तोटा पत्रक आमच्यापुढे आहे. मूळ कागद हिशेबनिसाकडे राहिले, आमच्याकडे आहेत ते मोबाईलवर काढलेले फोटो. मधल्या काळात हिशेबनीस बदलला, त्यामुळे दोन्ही पत्रकांतील खात्यांची नावे जुळत नाहीत. (येथे आकडे आम्ही सोयीसाठी ठोकळ केले आहेत.)

पहिल्या साली ढोबळ नफा 6,40,000 रुपये दिसतो, दुसऱ्या साली 6,80,000. वाचून आम्ही खूष झालो होतो. पण निव्वळ नफा 2,80,000 वरून 2,22,000 वर आला होता. दुकानखर्च एवढा वाढल्याचे आम्हांस आठवत नव्हते.

फोटोवरून आकडे उतरवताना आधी बेरीज तपासावी. दुसऱ्या सालच्या नफा-तोटा खात्याची उजवी बाजू, म्हणजे वरून आलेला ढोबळ नफा, 6,80,000 आहे. आमची डावी बाजू 6,30,000 च भरली. 50,000 चा फरक पाहून फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा गाडीभाड्याचे 84,000 आम्ही 34,000 वाचल्याचे कळले. मात्र फोटो तिरपा असेल आणि एका ओळीची रक्कम खालच्या ओळीसमोर गेली, तर बेरीज बरोबरच येते. ती चूक खतावणीशी ताडल्याशिवाय सापडत नाही. आणखी एक कसोटी अशी की, पहिल्या सालचा अखेरचा माल तोच दुसऱ्या सालचा आरंभीचा माल असला पाहिजे. आमच्याकडे दोन्हीकडे 7,00,000 आहे.

डाव्या बाजूस शेवटी 'निव्वळ नफा' लिहिलेला असतो. तो खर्च नव्हे, केवळ दोन्ही बाजू सारख्या करण्यासाठी तेथे येतो. आमच्या मुलाने तो खर्चात धरला होता. ढोबळ नफाही दोनदा लिहिलेला असतो, वरच्या खात्यात आणि खालच्या खात्यात. तो एकदाच घ्यावा.

आता नावे जुळवू. 2013 च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नफा-तोट्याची शीर्षके ठरवून दिली आहेत: विक्री, इतर उत्पन्न, मालाची खरेदी, साठ्यातील फेरफार, नोकरांवरील खर्च, व्याजखर्च, घसारा, इतर खर्च. ती कंपन्यांसाठी आहेत, आमच्यासारख्या एकट्याच्या दुकानास त्यांची सक्ती नाही. पण चौकट म्हणून ती उपयोगी पडतात. त्यात आम्ही एक शीर्ष वाढवले, 'माल दुकानात येईपर्यंतचा खर्च'. त्या चौकटीत ढोबळ नफ्याची ओळ नसते, ती आम्ही स्वतः काढतो.

आमचा घोटाळा याच शीर्षात होता. पहिल्या हिशेबनिसाने सुरतेहून व भिवंडीहून येणाऱ्या गाठींचे भाडे व हमाली, 60,000, वरच्या व्यापारी खात्यात घातली होती. दुसऱ्याने तोच खर्च, 84,000, खाली नफा-तोटा खात्यात टाकला. दोघांचाही निव्वळ नफा बरोबर, परंतु ढोबळ नफ्याची तुलना मोडली. 84,000 वर नेले की दुसऱ्या सालचा ढोबळ नफा 5,96,000 होतो. पहिल्या साली 30,00,000 च्या विक्रीवर तो शेकडा 21.3 होता, दुसऱ्या साली 32,00,000 वर 18.6. म्हणजे वाढ नव्हे, 44,000 ची घट. मात्र 'गाडीभाडे' या नावावर जाऊ नये. गिऱ्हाइकाकडे माल पोचवण्याचे भाडे असेल तर ते खालीच राहील. आम्ही बिल्ट्या काढून पाहिल्या, सगळ्या येणाऱ्या मालाच्या होत्या.

दुसऱ्या पत्रकात 'दुकान खर्च' म्हणून 1,14,000 एकठोक आहेत. ते फोडून अंदाजाने वाटू नयेत. उलट पहिल्या सालचे भाडे 60,000, वीज 24,000 आणि किरकोळ 30,000 एकत्र करावे. बेरीज तीच, 1,14,000. म्हणजे दुकानखर्च जागेवरच आहे. पगार 1,80,000 वरून 1,92,000, व्याज 48,000 वरून 52,000, घसारा 18,000 वरून 16,000. एकूण वाढ 14,000. ढोबळ नफ्यातील 44,000 मिळवले की 58,000 होतात, आणि निव्वळ नफ्यातील घटही तेवढीच. जुळवणीनंतर निव्वळ नफा मूळ पत्रकापेक्षा एका रुपयानेही बदलला, तर कोठेतरी चुकले असे समजावे.

कापडवाल्यांनी एक गोष्ट आणखी पाहावी. 2023 ची रमजान ईद 22 एप्रिलला होती, 2024 ची 11 एप्रिलला. म्हणून 2023-24 या एकाच सालात एका ईदची बरीचशी खरेदी आली आणि पुढच्या ईदची मार्चमधील खरेदीही आली. विक्री 2,00,000 नी वाढली, त्यातील काही भाग केवळ तारखांचा असू शकतो. शीर्षके कितीही जुळवली तरी हे पत्रकात दिसत नाही. त्यासाठी मार्च महिन्याची विक्री दोन्ही सालांच्या रोजकीर्दीतून वेगळी काढावी लागते. आम्ही आता तेच करीत आहोत.