पुराच्या पाण्यानंतरचा ताप : विचारायचा एक प्रश्न

पाड्यापाड्यांवर काम करणाऱ्या आमच्या आरोग्य सेविका, आशाताई आणि आश्रमशाळांतील शिक्षक यांच्यासाठी हा पाठ लिहीत आहे. तो मी एका चुकीतून शिकले, म्हणून चुकीपासूनच सुरुवात करते.

डहाणू तालुक्यातील सूर्या नदीकाठच्या एका पाड्यावरचा हा प्रसंग. लावणीच्या दिवसांत रात्रभर पाऊस झाला आणि ओहोळाचे पाणी गोठ्यांत शिरले. एक चाळिशीचे दादा आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा कमरेएवढ्या पाण्यातून बैल सोडवायला गेले. दोघांच्याही पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या होत्या. लावणीत त्या कुणाला नसतात? बैल वाचले. पाणी दुसऱ्या दिवशी ओसरले आणि सगळे आपापल्या कामाला लागले.

नवव्या दिवशी दादांना थंडी वाजून ताप आला. दहाव्या दिवशी ते दवाखान्यात आले. "सिस्टर, अंग मोडून आलंय, पाय तर उचलत नाहीत," म्हणाले. मी हिवतापासाठी रक्त तपासले, ते निघाले नाही. लेप्टोची झटपट चाचणीही केली, तीही निघाली नाही. मी पॅरासिटामॉल देऊन त्यांना घरी पाठवले. पाण्यात उतरला होतात का, हे मी विचारलेच नाही.

बाराव्या दिवशी ताप उतरला. दादा बरे झाले असे समजून शेतावर गेले. चौदाव्या दिवशी ताप पुन्हा चढला, डोळे पिवळे झाले आणि दिवसभरात लघवी जेमतेम एकदा, तीही काळ्या चहासारखी झाली. १०८ ची गाडी बोलावून त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवले. मूत्रपिंडांचे काम थांबल्यामुळे त्यांना डायलिसिस करावे लागले. तीन आठवड्यांनी ते चालत घरी आले, पण त्या हंगामाची लावणी गेली.

नेमके काय झाले?

लेप्टोस्पायरा नावाचे जंतू उंदीर, गुरे, डुकरे आणि कुत्रे यांच्या मूत्रपिंडांत राहतात व लघवीतून बाहेर पडतात. जनावर आजारी दिसेलच असे नाही. पूर आला की गोठ्यातली आणि बिळातली ही लघवी सगळ्या पाण्यात मिसळते. ओल्या चिखलात हे जंतू कित्येक आठवडे तग धरतात; कोरड्या, उन्हात तापलेल्या जमिनीवर मात्र लवकर मरतात. माणसाच्या शरीरात ते जखमेतून, फुटलेल्या किंवा फार वेळ भिजून मऊ झालेल्या कातडीतून, तसेच डोळे, नाक व तोंड यांच्या आतल्या नाजूक त्वचेतून शिरतात. म्हणून चिखल्या ही क्षुल्लक बाब नाही. ते जंतूंसाठी उघडे दार आहे.

आत शिरल्यावर आजार दिसायला बहुधा पाच ते चौदा दिवस लागतात. कधी दोन दिवस, तर कधी महिनाही. तोवर रुग्ण पूर विसरलेला असतो. तो आपणहून सांगणार नाही, आपणच विचारायचे.

माझी दुसरी चूक चाचणीबाबत होती. ती चाचणी रक्तातली प्रतिद्रव्ये शोधते आणि ती तयार व्हायला तापाचे पाच-सात दिवस जावे लागतात. दुसऱ्याच दिवशी चाचणी निघाली नाही, याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. आणि मधे उतरलेला तापही फसवा असू शकतो. काही रुग्णांत तो एक-दोन दिवस जातो आणि परत येतो तेव्हा यकृत, मूत्रपिंड किंवा फुफ्फुस धरतो.

मुलाचे काय झाले?

दादांना हलवल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुलाला ताप आला. या वेळी मी आधी पाण्याचे विचारले. मग पोटऱ्या हलक्या हाताने दाबल्या, तर तो कळवळला. डोळे लाल होते, पण त्यांत चिपडे नव्हती. डोके खूप दुखत होते. थंडीताप, पोटऱ्या व कंबर दुखणे, चिपडांशिवाय लाल डोळे आणि मागच्या महिन्यात पाण्यात उतरणे, एवढे एकत्र दिसले की चाचणीच्या उत्तरासाठी थांबायचे नाही. डॉक्टरांनी त्याच दिवशी डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, सात दिवस सुरू केली. चार दिवसांत तो उठून बसला. एकच पाणी, एकच गोठा; फरक पडला तो उपचार कोणत्या दिवशी सुरू झाला याचा.

प्रतिबंधाच्या गोळ्या

ताप येण्याआधी घ्यायच्या गोळ्यांचा हिशेब वेगळा आहे. पाण्यातून चालल्यावर शक्यतो तीन दिवसांच्या आत उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. मुंबईत पावसाळ्यात महापालिका जो नियम सांगते तो समजायला सोपा आहे. एकदाच पाण्यातून गेलेल्या, जखम नसलेल्या मोठ्या माणसाला डॉक्सीसायक्लिन २०० मिलिग्रॅम एकदा. जखम असेल तर तीन दिवस रोज एकदा. वारंवार पाण्यात उतरावे लागत असेल तर आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. आपल्याकडे कुणाला किती द्यायची ते डॉक्टर ठरवतील.

गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. दूध किंवा लोहाच्या गोळीबरोबर ती घेऊ नये. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले यांना ही गोळी देत नाहीत; त्यांच्यासाठी डॉक्टर दुसरे औषध देतात.

या गोळीने धोका कमी होतो, संपत नाही. प्रतिबंधाची गोळी घेतलेल्यालाही ताप आला तर दाखवायलाच हवे. ती एक गोळी म्हणजे उपचार नव्हे.

त्याच पाण्याचे इतर आजार

पुराचे पाणी विहिरीत गेले की जुलाब, विषमज्वर व कावीळ येतात. तेव्हा पाणी उकळूनच प्यावे आणि जुलाब लागताच मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस सुरू करावे. पाय लाल, गरम होऊन सूज वर चढत असेल तर ती चिखल्यांतून शिरलेली दुसरी लागण आहे, तीही दाखवावी. पत्रा किंवा खिळा लागला असेल तर धनुर्वाताची सुई घ्यावी. शेतावरून आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांमधली जागा कोरडी पुसणे, हे दार बंद करण्याचे घरचे काम आहे.

ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यायचे, ते केव्हा?

लघवी कमी किंवा गडद झाली, डोळे पिवळे झाले, धाप लागली, खोकल्यातून रक्त आले, कुठूनही रक्तस्राव झाला, उलट्या थांबत नाहीत किंवा माणूस भ्रमिष्टासारखे बोलू लागला, यांतले एक जरी दिसले तरी रात्र उजाडायची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा. अंगदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळी किंवा सुई घेऊ नये. त्यातल्या पुष्कळशा मूत्रपिंडांवर आणखी भार टाकतात. तापाला पॅरासिटामॉल पुरे.

पाड्यावरच्या भगतांनाही मी हे सांगितले आहे. तापाचा माणूस आधी त्यांच्याकडे जातो. आता ते त्याच्या पोटऱ्या दाबून बघतात आणि आमच्याकडे पाठवतात.

आमच्या नोंदवहीत ताप लिहायच्या रकान्याशेजारी मी एक नवा रकाना आखला आहे : "गेल्या महिन्यात पाण्यात उतरलात का?" तुमच्याही वहीत तो आखून घ्या.