बोटाने झाका, किंमत घाला: आंशिक अपूर्णांकांची झटपट रीत आणि तिची हद्द



1/2 आणि 1/3 यांची बेरीज 5/6 येते, हे पाचवीतलं मूल छेद समान करून काढतं. बारावीत इंटिग्रेशन करताना याच्या उलटं काम येतं. एकत्र झालेला अपूर्णांक पुन्हा सुटा करायचा. यालाच आंशिक अपूर्णांक म्हणतात. हे उदाहरण बघा:

(3x + 5) / ((x − 1)(x + 3)) = A/(x − 1) + B/(x + 3)

नेहमीची रीत म्हणजे छेद समान करायचे, सहगुणकांची तुलना करायची आणि दोन समीकरणं सोडवायची. झटपट रीत अशी: A हवा ना, मग डावीकडच्या छेदातला (x − 1) बोटाने झाका. झाकलेला अवयव x = 1 ला शून्य होतो, म्हणून उरलेल्या भागात x = 1 घाला. 8/4, म्हणजे A = 2. आता (x + 3) झाका आणि x = −3 घाला. −4/−4, म्हणजे B = 1. झालं! ही रीत ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते.

मुलं इथे हमखास विचारतात, "x = 1 ला तर मूळचा छेदच शून्य होतो, मग ती किंमत चालते कशी?" प्रश्न अगदी रास्त आहे. बोटाने झाकणं म्हणजे खरं तर दोन्ही बाजूंना (x − 1) ने गुणणं:

(3x + 5)/(x + 3) = A + B(x − 1)/(x + 3)

आता (x − 1) कुठल्याच छेदात राहिला नाही. 1 च्या अगदी जवळच्या सगळ्या किमतींना दोन्ही बाजू सारख्या आहेत, म्हणून 1 लाही त्या सारख्याच राहतात. आणि x = 1 घातल्यावर B चं पद शून्य होऊन एकटा A उरतो. हे कारण फळ्यावर एकदा तरी लिहून दाखवा, कारण रीत कुठे अडते तेही याच ओळीतून कळतं.

पहिली अडचण, एकच अवयव दोनदा आला तर:

(4x² − 2x + 6) / ((x − 1)²(x + 3)) = A/(x − 1) + B/(x − 1)² + C/(x + 3)

(x + 3) झाकून x = −3 घातलं की 48/16, म्हणजे C = 3. पूर्ण (x − 1)² झाकून x = 1 घातलं की 8/4 = 2. पण ही किंमत B ची आहे, A ची नाही. A साठी एकच (x − 1) झाकला तर दुसरा छेदात उरतोच आणि x = 1 घालताच भागाकार शून्याने होतो. तिथे थांबायचं. मग A काढायचा कसा? x ची कुठलीही सोपी किंमत घ्या. x = 0 घेतलं तर डावीकडे 6/3 = 2 आणि उजवीकडे −A + 2 + 1. म्हणून A = 1.

छेदात x² + 1 सारखा, वास्तव संख्यांत न फुटणारा अवयव असला तरी असंच होतं. त्याला शून्य करणारी वास्तव किंमतच नाही, म्हणून त्याच्या वरचे सहगुणक तुलना करून किंवा x च्या सोप्या किमती घालून काढावे लागतात. सोबतच्या साध्या रेषीय अवयवाला मात्र झाकायची रीत बिनधास्त वापरा.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे, कारण तिथे रीत अडतच नाही:

(x² + 1) / ((x − 1)(x − 2))

झाकून A = −2 आणि B = 5 येतात. सगळं सुरळीत वाटतं. पण x = 0 घालून बघा. डावीकडे 1/2 येतं आणि उजवीकडे 2 − 5/2, म्हणजे −1/2. बरोबर 1 कमी पडला! अंशाची कोटी छेदाच्या कोटीएवढी आहे, म्हणून आधी भागाकार करायला हवा होता. त्या भागाकारातला पूर्ण भाग 1 झाकण्याच्या रीतीला दिसतच नाही. A आणि B बरोबर आहेत, पण खरं उत्तर 1 − 2/(x − 1) + 5/(x − 2) असं आहे.

तेव्हा मुलांना क्रम असा लावून द्या: आधी अंशाची कोटी छेदापेक्षा कमी आहे ना ते बघायचं, मग छेदातले अवयव वेगवेगळे आणि रेषीय आहेत ना ते बघायचं, आणि त्यानंतरच बोट ठेवायचं. उत्तर आल्यावर झाकताना न वापरलेली एखादी किंमत घालून दोन्ही बाजू ताडून बघायच्या. x = 0 चालत असेल तर ते काम तोंडीच होतं.