मडक्याचं चित्र आणि तेरा लाख

कराडजवळ आमचा मसाल्याचा छोटा कारखाना आहे. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, लाल तिखट. पाच-सहा वर्षं आम्ही माल सुटाच विकत होतो. 2021 साली शेजारच्या तालुक्यातल्या एका काकांनी त्यांचा जुना ब्रँड विकायला काढल्याचं कानावर आलं. लाल मडक्याचं चित्र आणि त्याखाली नाव, असं ते लेबल आसपासच्या बाजारपेठांत ओळखीचं होतं. काकांना कांडप गिरणी ठेवायची होती, मसाला बंद करायचा होता. बारा लाखांवर बोलणं थांबलं.

व्यवहार कायदेशीर झाला आणि ब्रँड आजही आमच्याच नावावर आहे. फसवणूक कुणी केली नाही. तरीही एक लाखावर रुपये अक्षरशः हवेत गेले, ते हिशेब लिहिण्यात. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

1 ऑक्टोबर 2021 ला असाइनमेंट डीडवर सह्या झाल्या. बारा लाखांवर 18 टक्के जीएसटी काकांनी बिलात लावला. त्याचं क्रेडिट आम्हाला मिळालं. मुद्रांक शुल्क 36,000. वकिलांनी रजिस्ट्रीतली नोंद तपासली, मसुदा केला, त्याचे 45,000. मालक बदलल्याची नोंद करण्यासाठी टीएम-पी अर्ज, ऑनलाइन 9,000. शिवाय काकांचा धंदा, त्याची पत असं काहीच आम्ही घेतलं नव्हतं, फक्त चिन्ह घेतलं होतं. अशा हस्तांतराला कायद्यात एक अट आहे: सहा महिन्यांच्या आत रजिस्ट्रारकडे अर्ज करायचा आणि ते सांगतील तशी जाहिरात द्यायची. ते केलं नाही तर हस्तांतर लागूच होत नाही. वकिलांनी ते वेळेत करून घेतलं. जाहिरातीचे 10,000 गेले.

आता बेरीज बघा. बारा लाख, छत्तीस हजार, पंचेचाळीस हजार, नऊ हजार, दहा हजार. बरोबर तेरा लाख. ही त्या ट्रेडमार्कची किंमत. जीएसटी त्यात नाही, कारण तो परत मिळाला. मिळाला नसता तर तोही धरावा लागला असता.

मला हे तेव्हा कळत नव्हतं. आमच्या हिशेबनिसाने वकिलांची फी, स्टँप, सरकारी फी आणि रजिस्ट्रारने द्यायला लावलेली जाहिरात मिळून एक लाख रुपये ‘कायदेशीर खर्च’ या खात्यात टाकले, दरवर्षीचे परवान्यांचे पैसे टाकतो तसे. दुसरी चूक माझी. नवीन पाकीट बाजारात आणताना भिंती रंगवल्या, टेम्पोवर भोंगा लावून गावोगाव फिरवला, दुकानदारांना नमुने वाटले. साडेतीन लाख गेले. त्या बिलांवर मी माझ्या हाताने ‘ब्रँडसाठी’ असं लिहून दिलं. माझ्या मते ते खरंच होतं. नावाला वजन त्यामुळेच आलं. हिशेबनिसाने ती बिलं इमानेइतबारे ट्रेडमार्कच्या खात्यात घातली. खातं झालं साडेपंधरा लाखांचं.

म्हणजे जे मालमत्तेत जायला हवं होतं ते खर्चात गेलं, आणि जो खर्च होता तो मालमत्तेत जाऊन बसला. लेखा मानक 26 यात अगदी स्पष्ट आहे. विकत घेतलेल्या अमूर्त मालमत्तेच्या किमतीत खरेदीची रक्कम, परत न मिळणारे कर आणि ती वापरायोग्य करण्यासाठी थेट लागलेला खर्च येतो. वकिलाची फी त्यातच. जाहिरात आणि प्रसिद्धी मात्र ज्या वर्षी केली त्या वर्षीचा खर्च. तिने नावाला कितीही उजाळा दिला तरी. ओळखायची खूण मी आता अशी धरते: हा पैसा दिला नसता तर चिन्ह आपल्या नावावर, वापरण्याजोगं झालं असतं का? झालं असतं, तर तो पैसा ट्रेडमार्कच्या खात्यात नाही.

तिसरी चूक तारखेची. हिशेबनीस म्हणाला, “ताई, रजिस्ट्रीत अजून काकांचंच नाव आहे. आपलं नाव चढल्याशिवाय घसारा कसा लावायचा?” मला पटलं. सात-बारावर नाव चढेपर्यंत जमीन आपली मानायची नाही, ही सवय हाडीमाशी मुरलेली. पण ट्रेडमार्कवरचा हक्क आम्हाला डीडने मिळाला होता. नोंद आवश्यक असते ती कोर्टात किंवा रजिस्ट्रीपुढे मालकी सिद्ध करताना. आमची नोंद डिसेंबर 2022 मध्ये झाली. तोपर्यंत सुमारे तेरा महिने आम्ही त्याच लेबलावर मसाला विकत होतो आणि वहीत त्या लेबलाची एका रुपयानेही झीज दाखवत नव्हतो.

ऑगस्ट 2023 मध्ये नवीन ऑडिटर मॅडम आल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “हे चिन्ह तुम्ही कधीपासून वापरू शकत होता?” मी म्हटलं, “सह्या झाल्या त्या दिवसापासून. पण पितृपक्ष होता, म्हणून थांबलो. मग दिवाळीच्या पाडव्यालाच पाकिटं काढली.” त्या हसल्या. त्या हसण्याचा अर्थ मला पुढे अर्ध्या तासाने कळला.

इथे दोन वेगवेगळे हिशेब आहेत, आणि एकाचा नियम दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो. कंपनीच्या वहीत अमॉर्टायझेशन, म्हणजे ही किंमत आयुष्यभरात विभागून खर्ची टाकणं, मालमत्ता वापरासाठी तयार झाली की सुरू होतं. आम्ही पितृपक्ष पाळला हा आमचा प्रश्न. चिन्ह 1 ऑक्टोबरलाच तयार होतं. मॅडमनी आयुष्य दहा वर्षं धरलं. लेखा मानकाचं गृहीतकही तेच: भक्कम पुरावा नसेल तर दहा वर्षांपेक्षा जास्त धरायचं नाही. मी शंका काढली, कारण प्रमाणपत्राची मुदत मार्च 2024 ला संपत होती, जेमतेम अडीच वर्षं हातात होती. त्या म्हणाल्या, नूतनीकरण ऑनलाइन 9,000 रुपयांत होतं, पुढची दहा वर्षं मिळतात, आड येणारं काही नाही. मग अडीच वर्षांत सगळी किंमत संपवायचं कारण काय? तेरा लाख भागिले दहा, वर्षाला एक लाख तीस हजार. पहिल्या वर्षी सहा महिन्यांचे 65,000. नूतनीकरणाची फी भरू तेव्हा ती त्या वर्षीच्या खर्चात जाईल, हेही त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं.

आयकराचा हिशेब निराळा. तिथे ट्रेडमार्कवर घसारा 25 टक्के, उरलेल्या रकमेवर दरवर्षी. पण मालमत्ता त्या वर्षात प्रत्यक्ष वापरात यावी लागते, आणि 180 दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा. 1 ऑक्टोबर ते 31 मार्च हे 182 दिवस होतात. पाडवा होता 5 नोव्हेंबरला. तिथून 147. मुहूर्तापायी सव्वातीन लाखांचा घसारा 1,62,500 वर आला. ती रक्कम बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळते, त्यामुळे मुहूर्ताचा मला राग नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला असं काही विकत घेणाऱ्याने कॅलेंडर मात्र जरूर बघावं.

खरं नुकसान याच्या पुढे आहे. 2021-22 च्या रिटर्नमध्ये आम्ही जाहिरातीचे साडेतीन लाख वजा केले नव्हते, कारण ते मालमत्तेत होते. घसाराही घेतला नव्हता, कारण नोंद झाली नव्हती. घेतले होते फक्त कायदेशीर खर्चाचे एक लाख, जे भांडवली असल्यामुळे घ्यायलाच नको होते. योग्य वजावट 5,12,500 ची होती. आम्ही घेतली एक लाखाची. चार लाख साडेबारा हजारांवर आम्ही उगाच कर भरला होता. आमच्या दराने एक लाखाहून थोडा अधिक.

“मग रिटर्न सुधारू या,” मी म्हटलं. ती मुदत 31 डिसेंबर 2022 ला संपली होती. त्यानंतर भरता येतं ते अद्ययावत रिटर्न, आणि ते कर कमी करून घेण्यासाठी चालत नाही, फक्त वाढवून भरण्यासाठी. निदान राहिलेला घसारा पुढे घेता येईल का? तेही नाही. आयकरात घसारा तुम्ही मागा किंवा मागू नका, मिळालाच असं धरून उरलेली रक्कम काढतात. त्यामुळे दुसऱ्या वर्षीचा घसारा तेरा लाखांवर न मिळता 11,37,500 वर मिळाला. मधले 1,62,500 कुणाच्याच खात्यात नाहीत.

वहीतली दुरुस्ती 2022-23 मध्ये केली. साडेपंधरा लाखांचं खातं 11,05,000 वर आलं आणि नफ्यातून 4,45,000 गेले. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मिळावी म्हणून मी बँकेला अंदाजे नफ्याचा कागद आधीच देऊन बसले होते. मर्यादा त्या वर्षी वाढली नाही. बँकेचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आणखी एक गोष्ट राहिली. 2024 च्या सुरुवातीला आम्ही पाकिटाची रचना बदलायचं ठरवलं आणि मडकं काढून टाकलं. तेव्हा मॅडमनी प्रमाणपत्र पुन्हा वाचायला लावलं. नोंदणी सबंध लेबलाची होती, मडकं आणि नाव एकत्र. नुसत्या शब्दांची नव्हती. लेबलच वापरणार नसू तर तेरा लाखांच्या त्या वस्तूचं आयुष्य दहा वर्षं राहत नाही. पाच वर्षांहून जास्त काळ न वापरलेलं चिन्ह रजिस्टरमधून काढून टाकण्याची मागणी कुणीही बाधित व्यापारी करू शकतो. मी मडकं छोटं करून मागच्या बाजूला ठेवायचा मधला मार्ग सुचवला, पण त्याने लेबलाची ओळखच बदलत होती.

शेवटी गोड्या मसाल्यापुरतं जुनं लेबल राखलं आणि उरलेलं आयुष्य साडेसात वर्षांऐवजी पाच धरलं. 31 मार्च 2024 ला 9,75,000 शिल्लक होते. आता वर्षाला एक लाख पंच्याण्णव हजार जातात. मागची वर्षं उघडावी लागली नाहीत. ही चूक नव्हती, अंदाज बदलला होता, आणि बदललेला अंदाज पुढच्या वर्षांना लागतो. आयुष्याचा अंदाज दर वर्षअखेरीला पुन्हा तपासायचा असतोच, त्यासाठी मडकं काढायची वाट बघायला नको.

कुणी ब्रँड विकत घेत असेल तर माझं एवढंच सांगणं. डीडवर सही करायच्या आधी ऑडिटरला बोलवा, वकिलाच्या शेजारी बसवा. आणि जाहिरातीच्या बिलावर ‘ब्रँडसाठी’ असं लिहू नका.

बाकी मसाल्यांच्या नव्या पाकिटावरचं नाव आमचं स्वतःचं आहे, घरात सुचलेलं. त्याचा शब्द-चिन्हाचा अर्ज लघुउद्योग म्हणून 4,500 रुपयांत केला. घरात तयार झालेला ब्रँड लेखा मानकाप्रमाणे मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. ती पावती या वेळी मी स्वतः खर्चाच्या खात्यात लावली.