बायोडाटा कसा मांडावा?

बायोडाटाच्या मांडणीच्या तीन पद्धती आहेत. कालक्रमानुसार पद्धतीत अलीकडचे काम आधी व जुने नंतर येते. कौशल्यप्रधान पद्धतीत आपल्याला काय येते तेच पुढे असते, तारखा मागे पडतात. संयुक्त पद्धतीत वर कौशल्ये व खाली तारखांसह क्रम असतो.

एकाच क्षेत्रात सलग काम केलेल्याने पहिली पद्धत घ्यावी. अडचण येते ती खंड पडलेल्यांची. समजा, कळमनुरीच्या एका तरुणाने २०१८ साली बी.ए. झाल्यावर २०२२ पर्यंत नांदेडला स्पर्धा परीक्षेची तयारी केली व शिकवण्या घेतल्या. पुढे २०२४ पर्यंत वसमतला खत-बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहिला. आता त्याला पतसंस्थेत लिपिक व्हायचे आहे.

त्याने केवळ नोकऱ्यांचा क्रम दिला, तर चार वर्षे रिकामी दिसतील. तारखा गाळल्या, तर वाचणाऱ्याला शंका येईल आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच वर्षांचा निघेल. म्हणून संयुक्त पद्धत बरी. वर लिहावे : रोजकीर्द व खतावणी, उधारीची वसुली. खाली लिहावे : २०२२-२०२४, हिशेबनीस, २०१८-२०२२, परीक्षेची तयारी व शिकवण्या.

वरचे प्रत्येक कौशल्य खालच्या एखाद्या ओळीशी जुळते का, ते शेवटी ताडून पाहावे. जुळत नसेल ते खोडावे. मात्र जाहिरातीत अर्जाचा नमुना ठरवून दिला असेल, तर तोच भरावा.