फीडबॅक रिपोर्ट आला, छातीत धस्स झालं? आधी आकडे नीट वाचा

आज माझाच रिपोर्ट उघडून दाखवतो. पेण आणि रोहा, दोन्हीकडे माझं पूजा आणि सजावटीच्या सामानाचं दुकान. गणपतीचा सीझन संपल्यावर मी सात जणांकडून फीडबॅक घेतला: तीन बरोबरीचे दुकानदार आणि चार कामगार.

विचारताना दोन गोष्टी पाळल्या. "मी कसा वाटतो?" असं विचारलं तर "चांगले आहात दादा" एवढंच उत्तर येतं. म्हणून डोळ्यांना दिसणाऱ्या वागण्याची वाक्यं दिली आणि १ ते ५ गुण मागितले. दुसरं, नाव नको आणि हस्ताक्षरही नको, फक्त टिक. चिठ्ठ्या डब्यात टाकल्या आणि बेरीज ओळखीच्या अकाउंटंटने केली. एका गटात तीनपेक्षा कमी माणसं असतील तर त्या गटाचे आकडे वेगळे मागू नका, कोण काय बोललं ते लगेच कळतं.

आता रिपोर्ट. वाक्य होतं, "चूक झाली तर शांतपणे सांगतात." मी स्वतःला ४ दिले होते. सगळ्यांची सरासरी आली ३.१. म्हणजे ठीकठाक, असं वाटलं. पण गट वेगळे केले तेव्हा खरं चित्र दिसलं. दुकानदारांनी ४, ४, ५ दिले होते, कामगारांनी २, २, ३, २. दुकानदार मला गिऱ्हाइकांसमोर बघतात, कामगार गर्दीत गोडाऊनमध्ये. दोघंही खरंच बोलत होते. म्हणून एकत्र सरासरीवर थांबू नका.

दुसरं वाक्य, "काम स्पष्ट सांगतात." कामगारांचे गुण ५, ५, १, १. सरासरी ३, पण ३ कोणीच दिलेले नाहीत! असे दोन टोकांचे गुण आले की "१ कोणी दिला?" हे शोधू नका. नाव शोधलंत तर पुढच्या वेळी सगळे ५ देतील. मी चौघांना एकत्र बसवून विचारलं, "माझी सूचना कुठे अर्धवट पोचते?" उत्तर आलं, रोह्याच्या दुकानात. पेणमध्ये मी समोर उभा राहून सांगतो, रोह्याला घाईत व्हॉइस मेसेज टाकतो.

रिपोर्ट आला त्या दिवशी मी कोणाशीच त्यावर बोललो नाही. राग आलाच होता. दुसऱ्या दिवशी परत वाचला आणि दोनच बदल ठरवले: रोह्याला रोज सकाळी लेखी यादी, आणि चूक दाखवायची ती गिऱ्हाईक गेल्यावर, बाजूला घेऊन. हे चौघांना सांगितलं, आभार मानले.

एक मर्यादा लक्षात ठेवा. चार माणसांत एकाचा मूड बिघडला तरी सरासरी हलते. म्हणून ०.२ च्या फरकावर झोप उडवू नका, दीड-दोन गुणांची दरी बघा. आणि पगारवाढ किंवा बोनसच्या महिन्यात फीडबॅक मागूच नका, तेव्हा सगळेच ५ देतात.

तुमच्या दुकानासाठी आजच तीन वाक्यं लिहून काढा. प्रत्येक वाक्यात दिसणारं वागणंच हवं.